रक्ताच्या पिशवीतून आलेला ताप

तो मार्क मला दान म्हणून नको होता. एवढं एक वाक्य त्या वेळी मला नीट म्हणता आलं असतं, तर पुढचं बरंचसं बोलणं वाचलं असतं. पण बोलायला उभी राहिले की माझा आवाज गरजेपेक्षा मोठा निघतो. त्या दिवशीही तसाच निघाला.

मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेज पिंपरीत, घर दिघीला. लातूर जिल्ह्यातल्या एका लहानशा गावच्या शाळेत मी मराठी माध्यमातून दहावी केली, आणि मग बाबा चाकणच्या ज्या कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर होते तिथली नोकरी पक्की झाली म्हणून आम्ही सगळे इकडे आलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. त्यामुळे माझ्या प्रत्येक परीक्षेला घरात जरा जास्तच शांतता असायची. आई मिक्सर लावायची नाही. पाट्यावर वाटायची.

मायक्रोबायोलॉजीची इंटर्नल परीक्षा झाली आणि नोटीस बोर्डवर मार्क लागले. विद्यापीठाच्या परीक्षेला बसायला इंटर्नलमध्ये जेवढे मार्क लागतात, त्यात मला एक कमी होता. एकच. बोर्डासमोर उभी राहून मी माझं नाव आणि आकडा बोटाने दोनदा जुळवून पाहिला. एक मार्क कमी म्हणजे सुधारणा परीक्षा, ती निघाली नाही तर मुख्य परीक्षा हुकणार, आणि मग माझी बॅच पुढे आणि मी मागे. बाबांना हे समजावून सांगायचं म्हणजे काय, ते माझं मलाच ठाऊक.

आमच्याकडे मार्क लागल्यावर पेपर दाखवायची पद्धत होती. त्या तासाला सगळे आपापला पेपर घेऊन सरांच्या टेबलाभोवती गर्दी करत. कुणी म्हणायचं, "सर, इथे आकृती आहे, अर्धा द्या ना." कुणी म्हणायचं, "सर, स्पेलिंग चुकलंय पण भावना बरोबर आहे." सर हसायचे, कधी अर्धा द्यायचे, कधी पेपर परत हातात कोंबायचे. त्यात कुणालाच कमीपणा वाटत नसे.

सरांबद्दल मला आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं चुकीचं वाचलं जाईल. मला मायक्रोबायोलॉजी ज्यांनी शिकवलं ते हे सर. पहिल्या महिन्यात मी तासाला नुसती बसायची, इंग्रजी शब्द डोक्यावरून जायचे. एकदा त्यांनी मला थांबवून विचारलं, "समजतं का गं?" मी खोटंच मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं जुनं पुस्तक आणून दिलं आणि म्हणाले, "मराठीत समजून घे, इंग्रजीत लिही. कुणी अडवणार नाही." ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. परत करायला गेले तर घेतलं नाही त्यांनी.

मलेरिया त्यांनी शिकवला तो दिवस मला स्पष्ट आठवतो. फळ्यावर त्यांनी मोठं वर्तुळ काढलं. वर डास, डावीकडे यकृत, उजवीकडे तांबड्या पेशी. डास चावला की त्याच्या लाळेतून परजीवीचं एक बारीक, सुईसारखं रूप अंगात येतं, त्याला स्पोरोझोइट म्हणतात. ते रक्तात रेंगाळत नाही, यकृताच्या पेशीत शिरतं. तिथे वाढून, फुटून हजारो मेरोझोइट बाहेर पडतात आणि ते तांबड्या पेशी पकडतात. तांबड्या पेशीत अंगठीसारखं रूप, मग मोठं रूप, मग पेशी फुटते आणि नवे मेरोझोइट पुढच्या तांबड्या पेशींवर. पेशी फुटतात तेव्हा थंडी वाजून ताप. काही परजीवी नर-मादी रूप घेऊन रक्तात डासाची वाट बघत राहतात, त्यांना गॅमेटोसाइट म्हणायचं. आणि व्हायव्हॅक्स जातीची एक वेगळी खोड. तिचे काही स्पोरोझोइट यकृतात वाढतच नाहीत, झोपून राहतात. हिप्नोझोइट. महिन्यांनी उठतात आणि बरा झालेला माणूस परत तापाने फणफणतो.

मग सर म्हणाले, "औषधं पाठ करू नका. औषध कुठल्या दारात उभं आहे ते बघा. क्लोरोक्विन तांबड्या पेशीच्या दारात. यकृतात झोपलेल्याला ते हात लावत नाही. त्याला झोपेतच मारायला प्राइमाक्विन. दार ओळखलं की औषध आपोआप येतं."

मी ते वाक्य वहीत लिहिलं नाही. लिहायची गरजच पडली नाही.

तर, ज्या प्रश्नावर माझा मार्क गेला होता तो मलेरियाचाच होता. थॅलेसेमिया असलेलं एक मूल. त्याला नेहमी रक्त चढवावं लागतं. रक्त चढवल्यानंतर काही दिवसांनी थंडी वाजून ताप, आणि काचपट्टीवर व्हायव्हॅक्स. रक्तदात्याच्या रक्तातही व्हायव्हॅक्स सापडला आणि लागण चढवलेल्या रक्तातूनच झाल्याचं सिद्ध झालं, असंही प्रश्नात स्वच्छ लिहिलं होतं. या मुलाच्या संपूर्ण उपचाराला काय पुरेसं? पर्याय अ, फक्त क्लोरोक्विन. पर्याय ब, क्लोरोक्विन आणि प्राइमाक्विन. पुढचे दोन असेच भरतीचे.

मी अ लिहिलं होतं. उत्तरसूचीत ब होतं.

पेपर दाखवायच्या तासाला मी रांगेत शेवटी उभी राहिले. माझ्यापुढे माझी मैत्रीण होती. ती रहाटणीची. आई शाळेत शिक्षिका, वडील बँकेत. कॉलेज सुटल्यावर रोज वाकडी वाट करून ती मला स्कूटरवर नाशिक फाट्यापर्यंत सोडायची, तिथून मला दिघीची बस सोपी पडायची. तिने ब लिहिलं होतं आणि ती काठावर पास होती.

"काय मागणार आहेस?" तिने विचारलं.

"मागणार नाहीये. दाखवणार आहे."

"म्हणजे भांडणार. ए बाई, नीट बोल हं. आज ते चांगल्या मूडमध्ये आहेत."

माझी पाळी आली. मी म्हटलं, "सर, या प्रश्नाचं उत्तर अ आहे."

सरांनी पेपर पाहिला, उत्तरसूची पाहिली. "व्हायव्हॅक्स आहे ना? मग प्राइमाक्विन नको? झोपलेल्यांचं काय करशील?"

"झोपलेले नाहीतच, सर. रक्तातून आलाय. डास चावलाच नाही."

त्यांनी उत्तरसूचीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "अगं, सरकारी कार्यक्रमात व्हायव्हॅक्स म्हटलं की क्लोरोक्विन आणि वर चौदा दिवस प्राइमाक्विन. उद्या तू दवाखान्यात बसलीस की हेच लिहिणार आहेस."

"डासाच्या मलेरियाला लिहीन. याला नाही."

"बरं, गॅमेटोसाइट? प्राइमाक्विन त्यांनाही मारतं."

"फाल्सिपेरम जातीच्या गॅमेटोसाइटना ते लागतं, सर. व्हायव्हॅक्सचे क्लोरोक्विनने मरतात. तुम्हीच सांगितलंय."

मागून कुणीतरी बारीक शिट्टी मारली. सरांनी तिकडे पाहिलं, मग माझ्या पेपरवरचा आकडा पाहिला, आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांना वाटलं, आता कळलं हिचं दुखणं. हळू आवाजात म्हणाले, "एकच कमी आहे होय? आधी सांगायचं ना. थांब, तुझ्या आकृतीच्या प्रश्नात एक वाढवतो. जा आता. अभ्यास कर."

लाल पेन त्यांनी उघडलंही होतं. आणि इथे माझा आवाज मोठा निघाला.

"नको, सर. आकृतीत नको. आकृतीत मला बरोबरच मार्क मिळालेत. याच्यात द्या."

सरांनी पेनचं टोपण लावलं. "उत्तरसूची बदलली तर सगळ्या वर्गाचे मार्क बदलतात, कळतं का तुला? मार्क बोर्डवर लागलेत. सोमवारी विभागप्रमुख मॅडमकडे यादी जायची आहे. विचार कर आणि सोमवारी ये."

जिन्यात मैत्रिणीने मला गाठलं. "वेडी आहेस का? मार्क हातात होता! लोक त्या अर्ध्यासाठी पाया पडतात."

"माझं उत्तर बरोबर आहे."

"असेल. मार्काला काय कळतं तो कुठून आला ते?"

त्या दिवशी तिने मला नाशिक फाट्याला सोडलं, पण नेहमीसारखी बस येईपर्यंत थांबली नाही.

शनिवारी बाबांची पहिली पाळी होती. कंपनीची बस त्यांना भोसरीला सोडायची आणि तिथून ते चालत यायचे. त्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला, आणि मग मी सांगितलं. आधी एक मार्क कमी असल्याचं, मग सरांनी देऊ केल्याचं.

"दिला ना मग? झालं की."

"घेतला नाही मी."

बाबांनी कप खाली ठेवला. "का?"

मी समजावायला लागले, डास, यकृत, रक्ताची पिशवी. त्यांनी हात वर केला. "ते मला सांगू नको. मला एवढं सांग, ज्या माणसानं तुला पुस्तक दिलं, त्या माणसाला तू सगळ्यांसमोर चूक म्हणलीस का?"

"उत्तर चूक म्हटलं."

"एकच की ते. हे बघ, आपण कुणाच्या मेहरबानीवर इथवर आलो ते इसरायचं न्हाई. सर देतेत तर घे. सोमवारी जा, हात जोड, माझं चुकलं म्हण, आन् मार्क घेऊन ये. कशाला नडतीस?"

आई आतून म्हणाली, "तिचं बरोबर असंल तर?"

"बरोबर असून काय करती? बरोबर असलेली माणसं मी लई बघितली कंपनीत. गेटच्या बाहेर उभी होती."

बाबा भित्रे नाहीत. त्यांनी जे पाहिलं त्यातून ते बोलत होते. पण रविवारभर मी पुस्तक उलटत राहिले आणि माझ्या डोळ्यांसमोर ते थॅलेसेमियाचं मूल येत राहिलं. प्राइमाक्विन म्हणजे लिमलेटची गोळी नाही. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या पेशी या औषधाने फुटतात. जे मूल दुसऱ्याच्या रक्तावर जगतं आहे त्याला काहीही गरज नसताना ही जोखीम का? नुसतं पाठ आहे म्हणून? दोन-तीन वर्षांत आमच्यातलाच कुणीतरी असं मूल तपासणार होता. सरांचे उपकार मी विसरले नव्हते. त्यांनी शिकवलेलं सोडून देणं, हे मात्र मला उपकार विसरण्यासारखंच वाटत होतं. हे बाबांना सांगायचा धीर झाला नाही.

सोमवारी विभागप्रमुख मॅडम स्वतः वर्गात आल्या. उंच, केस आखूड, बोलणं तुटक. सर त्यांच्यामागे होते. बातमी अर्थातच सगळीकडे पोहोचली होती.

मॅडम म्हणाल्या, "कोणाची तक्रार आहे?"

मी उभी राहिले. "तक्रार नाही, मॅडम. उत्तर चुकलंय."

"कोणाचं?"

"उत्तरसूचीचं."

मागचे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "ये. फळ्यावर काढ."

मी वर्तुळ काढलं, सर काढतात तसंच. वर डास, डावीकडे यकृत, उजवीकडे तांबड्या पेशी. डासाकडून यकृताकडे बाण, खाली स्पोरोझोइट. यकृतात एक कोपरा झोपलेल्यांचा. यकृताकडून तांबड्या पेशींकडे बाण, मेरोझोइट. तांबड्या पेशींभोवती एक लहान वर्तुळ, पुन्हा पुन्हा फिरणारं. तिथून गॅमेटोसाइट, आणि त्यांच्याकडून वर डासाकडे बाण.

"आता रक्ताची पिशवी कुठे काढशील?" मॅडमनी विचारलं.

मी उजवीकडे पिशवी काढली आणि तिचा बाण सरळ तांबड्या पेशींवर नेला.

"बरं. आता तांबड्या पेशींकडून यकृताकडे बाण काढ."

मी खडू फळ्याजवळ नेला आणि थांबले. "नाही येत, मॅडम. तो रस्ताच नाही."

पहिल्या बाकावरून माझी मैत्रीण ताडकन म्हणाली, "का नाही? रक्त यकृतातूनच फिरतं ना? मग परजीवी यकृतात जाणार नाही का?" तिच्या आवाजात राग होता, पण प्रश्न चांगला होता. अर्ध्या वर्गाच्या मनात तोच होता.

मी तिच्याकडेच बघून सांगितलं. "रक्ताबरोबर यकृतातून फिरेल. पण यकृताच्या पेशीत शिरता येणार नाही. ते फक्त स्पोरोझोइटला जमतं, आणि स्पोरोझोइट तयार होतो डासात. पिशवीत तो नसतो. पिशवीत आहेत ते तांबड्या पेशींतले परजीवी. त्यांना तांबडी पेशीच लागते. म्हणून या मुलाच्या यकृतात कुणी झोपलेलं नाही. मग प्राइमाक्विन कुठल्या दारात उभं करणार?"

'दार' हा शब्द तोंडातून गेला आणि मी सरांकडे पाहिलं. ते फळ्याकडे पाहत होते. त्यांच्याच वर्तुळाकडे.

मॅडम सरांकडे वळल्या. "हा प्रश्न कुठून आला?"

सरांनी जे उत्तर दिलं त्यासाठी मी त्यांना कायम मानत आले आहे. ते म्हणाले, "जुना प्रश्न होता, मॅडम. व्हायव्हॅक्सचा संपूर्ण उपचार कोणता, एवढाच. नवीन अभ्यासक्रमात केस देऊन विचारायचं म्हणून मी त्याला थॅलेसेमियाची गोष्ट जोडली. दाता, रक्त, सिद्ध झालं वगैरे माझंच. गोष्ट बदलली आणि उत्तर जुनंच राहिलं."

वर्ग एकदम बोलायला लागला. "सर, प्रश्न रद्द करा!" "मॅडम, सगळ्यांना एक एक द्या ना!" मागून एक जण ओरडला, "राव, मी पण अ लिहिलंय, पण माझी खूण चुकून झाली होती!" आता मात्र सर्वांना हसू आलं. मॅडमनाही.

"रद्द करू," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना एक मार्क. विषय संपला."

इथे मी बसायला हवं होतं. रद्द झाला असता तर मलाही तो एक मिळत होता, बाकीच्यांचंही काही बिघडत नव्हतं. मैत्रीण माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती, बस म्हणून. मी उभीच राहिले.

"मॅडम, रद्द करू नका. प्रश्न चुकीचा नाही. चांगला आहे. उत्तर चुकलं होतं."

"तुला मार्क मिळतोय ना?"

"मिळतोय. पण रद्द केला की अ पण तेवढंच आणि ब पण तेवढंच. उद्या वॉर्डात असं मूल आलं तर सगळे ब-च लिहितील. मीसुद्धा घाबरून लिहीन."

कुणीतरी पुटपुटलं, "हिला पुतळा पाहिजे." मॅडम काही बोलणार तेवढ्यात सर म्हणाले, "उत्तर बदलू या, मॅडम. अ. मी यादी परत करतो."

"काही जण खाली जातील."

"जातील. त्यांची सुधारणा परीक्षा मी घेईन."

संध्याकाळी नवी यादी लागली. माझा एक वाढला. माझ्या मैत्रिणीचा एक गेला आणि ती रेषेच्या खाली गेली.

बोर्डासमोर ती माझ्या शेजारीच उभी होती. "झालं समाधान?" एवढं म्हणाली आणि स्कूटरची किल्ली बोटात फिरवत निघून गेली. मी पिंपरीच्या स्टॉपवरून बस पकडली. पुढे बरेच दिवस तीच पकडत होते.

बसमध्ये बाबांचा फोन आला. त्या आठवड्यात त्यांना दुसरी पाळी होती. चहाची सुट्टी असावी, मागे मशीनचा आवाज कमी होता.

"गेलतीस का सरांकडं?"

"गेले होते."

"मिळाला का मार्क?"

"मिळाला."

"बघ, मी म्हणलो नव्हतो? मानूस चांगला हाय. हात जोडले की दिला."

"हात नाही जोडले, बाबा. दिलेला नाहीये तो. उत्तर बरोबर होतं, म्हणून मिळाला. सरांनीच सगळ्यांसमोर सांगितलं."

"सगळ्यांसमोर?" ते म्हणाले.

"हो."

"सर रागावले न्हाईत?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले. आणि मग शेजारच्या कुणाला तरी सांगताना ऐकू आले, "पोरगीचा फोन हाय. डॉक्टर होतीय."

मैत्रिणीने सुधारणा परीक्षा दिली. सरांनी तिला नेमका तोच प्रश्न घातला, फक्त थॅलेसेमियाऐवजी अपघातात रक्त चढवलेला माणूस. ती बाहेर आली ती थेट माझ्यापाशी. मी जिन्यावर डबा खात बसले होते.

"अ लिहिलं," ती म्हणाली. "पुढे कारणही लिहिलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. तुझ्यामुळे हा प्रश्न मेले तरी विसरणार नाही मी."

"चांगलंय की."

"चांगलंय म्हणे. माफी मागायची असते अशा वेळी."

"कशाची?"

तिने माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी बोटाने घेतली, खाल्ली, आणि म्हणाली, "चल, ऊठ. नाशिक फाटा."